एसीचा रिमोट आणि ‘चिक्कू’ नावाचा शिक्का

*ताई, मी ३२ वर्षांची, आम्ही दोघंही नोकरी करतो. मी लहानपणापासून हिशेबाने राहणारी. फोन चालतोय तोवर नवा घेत नाही, सेल नसेल तर कपडे घेत नाही. मागच्या महिन्यात नणंद चार दिवस राहायला आली होती, परत गेल्यावर फॅमिली ग्रुपवर तिने सगळ्यांसमोर मला ‘चिक्कू’ म्हटलं आणि नवऱ्याने त्यावर हसण्याचा इमोजी टाकला. कारण काय, तर मी रात्री दोन वाजता तिच्या खोलीतला एसी बंद केला, आणि मिळून केलेल्या ट्रिपचा पै-पैचा हिशेब ग्रुपवर टाकला. सासूबाई मला काटकसरी म्हणतात, ऑफिसमधल्या मैत्रिणी हिशोबी म्हणतात, सख्ख्या भावाने एकदा कंजूष म्हटलं होतं. मी तर एकच आहे ना? मग खरं कोणाचं? आणि चिक्कू जास्त वाईट की कंजूष?*

अगं, चौघांचंही खरं असू शकतं, कारण ते चौघं तुझ्या चार वेगवेगळ्या गोष्टी बघून बोलतायत. आपल्याला वाटतं की हे शब्द म्हणजे एकच पट्टी आहे, एका टोकाला उधळ्या, मग मधे काटकसरी, मग हिशोबी, मग चिक्कू, मग कंजूष, आणि जितका खर्च कमी तितका माणूस त्या पट्टीवर पुढे सरकतो. तसं नाहीये. खर्च किती कमी केला हे या शब्दांना फारसं कळतच नाही. त्यांना वेगळंच काहीतरी कळतं, आणि ते काय हे बघायचं असेल तर पैसा बाजूला ठेवून बघ.

एखाद्या शिक्षकाबद्दल आपण म्हणतो, मार्क द्यायला फार कंजूष आहेत. मार्क द्यायला काटकसरी आहेत असं कधी कोणी म्हटलेलं ऐकलंयस? नाही ना. मला माझी एक मैत्रीण कायम म्हणते की तू कौतुक करायला कंजूष आहेस (आहे मी, कबूल आहे, सदर लिहून लिहून झालंय तसं). आता उलट बघ, एखाद्या लेखकाबद्दल म्हटलं की शब्दांची काटकसर करतो तर ती तारीफ झाली, थोडक्यात नेमकं लिहितो असा अर्थ. आणि तोच माणूस घरी बायकोशी दोन वाक्यं बोलत नसेल तर तिथे शब्दांची कंजुषी. शब्द तितकेच कमी, पण एका ठिकाणी त्याने ते वापरायचे होते आणि दुसऱ्या ठिकाणी ते कोणाला तरी द्यायचे होते.

हाच फरक आहे बघ. काटकसर वापरण्याची होते, कंजुषी देण्याची होते. मार्क, कौतुक, वेळ, पैसा, काहीही घे, जिथे समोर घेणारा कोणीतरी उभा आहे आणि त्याला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, तिथेच कंजूष, चिक्कू, चिकट हे शब्द उगवतात. समोर कोणी नसेल, तुझी वस्तू, तुझा वापर, तुझा त्रास, तर हे शब्द चिकटतच नाहीत. तुझा जुना फोन घे. स्क्रीनला तडा असेल, बॅटरी दुपारीच संपत असेल, पण त्यावरून तुला कोणी चिक्कू म्हटलं नाहीये हे तुझ्याच पत्रात दिसतं. त्यावर फार तर चेष्टा होते. शब्द आला तो एसीवर आणि ट्रिपवर, म्हणजे जिथे पलीकडे नणंद होती.

आता एसीचं जरा नीट बघू, कारण तुझ्या बाजूने ते तुला अगदी निरागस वाटत असणार याची मला खात्री आहे. तू तुझ्या खोलीत रोज काय करत असशील? झोपताना टायमर लावायचा किंवा रात्री जाग आली की बंद करायचा, खोली गार झालेली असते, पहाटेपर्यंत पंख्यावर भागतं. ही शंभर टक्के काटकसर, कारण वापर तुझा, बचत तुझी, आणि पहाटे उकडलंच तर घामही तुझा. मग नणंद आली, तू सवयीने उठलीस, सवयीने तिच्या खोलीत गेलीस आणि तेच बटण दाबलंस. तुझ्या डोक्यात काहीच बदललं नाही, वाचलेली वीज तेवढीच. फक्त घाम तिचा झाला. आणि तिला जाग आली असेल तेव्हा तिने पहिल्यांदा वर बघितलं असेल, लाइट गेलेत का म्हणून, मग पंखा फिरतोय हे दिसलं असेल, म्हणजे लाइट आहेत, म्हणजे कोणीतरी बंद केलाय. तो ‘कोणीतरी’ कळण्याचा जो क्षण आहे ना, चिक्कू हा शब्द तिथे तयार झाला, ग्रुपवर नंतर आला.

ही कसोटी काही माझी नाही, खूप जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, अधिकाऱ्यांची पारख कशी करावी या प्रकरणात पैशाशी वाकडं नातं असलेली तीन प्रकारची माणसं सांगितलीयत. बापजाद्यांचं धन गैरमार्गाने खाऊन टाकतो तो मूलहर. जे जे मिळेल ते ते खाऊन मोकळा होतो तो तादात्विक (हा शब्द आपण वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं, आजूबाजूला इतके आहेत). आणि तिसरा कदर्य, म्हणजे कंजूष, त्याची व्याख्या अशी की जो नोकरांना आणि स्वतःला पीडा देऊन पैसा साठवतो तो. बघ, किती साठवतो याचा तिथे उल्लेखच नाही, कोणाला त्रास देऊन साठवतो एवढंच विचारलंय. चार दिवसांची पाहुणी म्हणजे काही नोकर नव्हे, पण तत्त्व तेच, तुझ्या छपराखाली असलेलं माणूस, ज्याला ‘मला हवाय’ म्हणायला संकोच वाटतो.

आणि त्या व्याख्येत ‘स्वतःला’ पण आहे हे सोडू नकोस. मी वर म्हटलं की त्रास स्वतःचा असेल तर शब्द चिकटत नाहीत, ते साधारण खरं आहे पण त्याला एक मर्यादा आहे. मराठीत पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलं असं म्हणतो तेव्हा तो चिमटा स्वतःचा असतो आणि पुढे ‘मुलांना शिकवलं’ असतं, म्हणून ते ऐकताना मान आदराने हलते. पुढचा भाग काढून टाक, नुसतं पोटाला चिमटा काढला आणि साठवलं, कशासाठी तर साठवण्यासाठी, की आदर जातो आणि कीव येते. ‘काटकसर करून घर घेतलं’ हे वाक्य किती सहज येतं, ‘कंजुषी करून घर घेतलं’ हे म्हणून बघ, जिभेवर अडकतं. काटकसरीला पुढे कशासाठी ते लागतं, कंजुषीला नसतंच. जुन्या बायका टुकीचा संसार म्हणायच्या, टुकीने संसार केला, त्यात पण हेच आहे की संसार उभा राहिला. इंग्रजीतल्या थ्रिफ्टच्या मुळाशी पण थ्राइव्हच आहे, भरभराट होणं, तिथे काटकसरीचं नाव खर्च कमी करण्यावरून पडलंच नाहीये, त्यातून जे वाढतं त्यावरून पडलंय.

कीव म्हटलं म्हणून सांगते, कृपण हा शब्द संस्कृतात आधी दीन, केविलवाणा या अर्थाचा आहे, कृपेच्याच घरातला, म्हणजे ज्याची दया यावी असा. गीतेत दुसऱ्या अध्यायात ‘कृपणाः फलहेतवः’ आहे तिथे कोणी पैसे दडवून बसलेलं नाहीये, फळावर डोळा ठेवून काम करणारे बिचारे असा तो अर्थ. आणि तिकडे लॅटिनमध्ये मायझर म्हणजे दुःखी, दीन माणूस, त्यावरून इंग्रजीत पैशाला मिठी मारून बसलेल्याचं नाव आलं. एकमेकांपासून इतक्या लांबच्या भाषांनी कंजुषाकडे बघून आधी ‘अरेरे’ म्हटलं हे मला भारी वाटतं. म्हणून कृपण हा शब्द कोणी रागाने तोंडावर फेकत नाही, तो लांबून, मान हलवत म्हटला जातो. तुला तो अजून कोणी म्हटलेला नाही हे लक्षात घे.

चिकटचं वेगळंच आहे. चिकट माणसाची कीव येत नाही, वैताग येतो, कारण त्याच्या हातातून वस्तू सुटत नाही, आपण ओढतोय आणि ती त्याच्या बोटांना लागून राहिलीय असं ते चित्र. ग्रीकमध्ये पण कंजुषाला ग्लिस्ख्रोस म्हणायचे, त्याचा शब्दशः अर्थ चिकटच, ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावर लिहिताना हाताने देणं न होणाऱ्या लोकांच्या यादीत तो टाकलाय आणि लगेच हेही सांगितलंय की ही माणसं दुसऱ्याच्या पैशावर डोळा ठेवणारी नसतात, फक्त स्वतःचं सुटत नाही. तो फरक तुझ्या उपयोगाचा आहे. चिक्कू म्हणजे लबाड नव्हे. नणंदेने तुला तू माझे पैसे खाल्लेस असं म्हटलेलं नाही, तुझ्या हातातून सुटत नाही एवढंच म्हटलंय.

आता ट्रिपचा हिशेब. इथे मी बरीचशी तुझ्या बाजूने आहे. मिळून केलेल्या खर्चाचा हिशेब व्हायलाच हवा, जे लोक ‘राहू दे गं, काय हिशेब करायचा आपल्यात’ म्हणतात त्यांनी बहुतेक वेळा कमी भरलेलं असतं हा माझा अनुभव आहे. हिशोबी हा शब्द मजेशीर आहे, तो कोणाला जोडून येतो त्यावर फिरतो. ‘पैशाच्या बाबतीत हिशोबी आहे’ म्हणजे चोख, विश्वासाचा. ‘माणूस हिशोबी आहे’ म्हणजे नात्यातसुद्धा देणंघेणं मोजतो, सावध राहा. ऑफिसमधल्या मैत्रिणी तुला पहिल्या अर्थाने म्हणत असणार, त्यांचा तुझ्याशी संबंधच मुळात वर्गणी आणि बिलं यांचा. घरात तोच कागद दुसऱ्या अर्थाने वाचला जातो.

तू पै-पैचा म्हणतेस म्हणजे मला अंदाज येतोय. आठ जण होते असं धरू. मोठे खर्च म्हणजे गाडी आणि राहणं, ते आठात भागले, उत्तम, त्याला कोणी काही म्हणणार नाही. मग खाली बारीक बारीक ओळी असणार, पार्किंग, पाण्याच्या बाटल्या, कोणाच्या तरी डोकेदुखीची गोळी, आणि त्यासुद्धा आठात भागून शेवटी दशांश चिन्हानंतरचे आकडे. हिशेब म्हणून तो बिनचूक आहे. पण त्या गोळीच्या ओळीचा प्रत्येकाच्या डोक्यावर जो आठवा हिस्सा येतो त्याने कोणाच्याच खिशात काही फरक पडत नाही, तुझ्याही नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं काय, तर आपलं डोकं दुखत होतं तेव्हा ही गोळी आणून देताना हिने मनात नोंद केली होती. वाचवलेली रक्कम नगण्य आणि दिसलेली नोंद मोठी. मोठे खर्च पैशापर्यंत भाग, बारीक खर्च जो ज्याने केला त्याचा सोडून दे, आणि भागाकार सुटला नाही की उरलेलं आपल्याकडे घे. वर्षाला अशा दोन ट्रिपा झाल्या तरी तुझ्या काटकसरीला धक्का लागणार नाही, तुझ्या फोननेच त्याच्या कितीतरी पट वाचवलंय.

भावाचं कंजूष मात्र मला नीट कळलं नाही कारण ते कधी आणि कशावरून म्हटलं ते तू लिहिलंच नाहीस, आणि तू ते लिहायचं टाळलंयस असा मला थोडा संशय आहे. त्याने काही मागितलं होतं का? कंजूष या शब्दात एक गृहीत धरलेलं असतं, ‘असून देत नाही’. ज्याच्याकडे नाही त्याला कोणी कंजूष म्हणत नाही, तो परिस्थितीने बांधलेला. म्हणजे कंजूष म्हणणाऱ्याने आधी मनातल्या मनात तुझी पर्स उघडून मोजलेली असते, दोघांचे पगार, मूल नाही (तू मुलांबद्दल काही लिहिलं नाहीस म्हणून म्हणते), मग हिच्याकडे असणारच. त्याला तुमचे हप्ते, तुमची पुढची काळजी, सासूबाईंची औषधं हे दिसत नाही. तो हिशेब चुकीचा असू शकतो, पण तो चुकीचा आहे हे सांगायचं काम तुझंच आहे, ‘आम्ही अमुकसाठी साठवतोय’ एवढं एक वाक्य घरच्यांना माहीत असलं की त्याच वागण्याला काटकसर म्हणायला लागतात लोक. सासूबाई तुला काटकसरी म्हणतात त्याचं कारण बहुधा हेच, त्यांना माहितीये की पैसा कुठे जातोय. (त्यांचा मुलगाही त्यातच वाचतोय, ते एक असतंच.)

आणि बोलणाऱ्याचाही विचार कर ना. बर्ट्रांड रसेलने १९४८ मध्ये बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमात एक गंमत केली होती, एकच गुण क्रियापदासारखा चालवून दाखवला, मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो मूर्ख आडमुठा आहे. आपलं तसंच चालतं, मी काटकसरी, तू जरा चिकट, तो तर काय कवडीचुंबक. तू स्वतः पत्रात स्वतःला काय म्हटलंयस बघ, ‘हिशेबाने राहणारी’. ॲरिस्टॉटलचंच अजून एक निरीक्षण असं आहे की टोकाला उभा असलेला माणूस मधल्याला पलीकडच्या टोकावर ढकलतो, भित्र्याला शूर माणूस आततायी दिसतो. तुझी नणंद हाताने सढळ असेल तर तिला तू आहेस त्यापेक्षा दोन पावलं जास्त चिक्कू दिसणार, तेवढी सूट तिच्या शब्दातून काढून घे. पण सगळा शब्द वजा करू नकोस, एसी तू खरंच बंद केला होतास.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कंजूष जास्त वाईट. चिक्कू हा शब्द शाळेतली मुलं एकमेकांना म्हणतात, खोडरबर दिला नाही की चिक्कू, दुसऱ्या दिवशी दिला की संपलं. त्यात एका प्रसंगाचा राग असतो, तो तोंडावर म्हणता येतो आणि ज्याला म्हटलं तो घर सोडून जात नाही. कंजूष हा स्वभावावरचा निकाल आहे, आणि बहुतेक वेळा पाठीमागे दिला जातो. ‘कंजुषी केलीस’ आणि ‘कंजूष आहेस’ यात पण केवढं अंतर आहे, पहिल्यात एक कृती चुकली, दुसऱ्यात माणूसच तसा. नणंदेकडे हातात असलेल्या सगळ्या शब्दांतून तिने सगळ्यात हलका उचलला आणि तोही उघड ग्रुपवर, तुझ्या देखत. मी तुझ्या जागी असते तर ग्रुपवर उत्तर दिलं नसतं, तिला फोन केला असता आणि सरळ म्हटलं असतं की अगं मी आमच्या खोलीतला रोज बंद करते, त्या सवयीत तुझ्या खोलीत आले, तुला उकडलं असेल, सॉरी. ट्रिपच्या हिशेबाबद्दल सॉरी म्हणायची गरज नाही, तो फक्त पुढच्या वेळी छोटा कर.

नवऱ्याचा इमोजी हा वेगळा विषय आहे आणि तो पैशाचा नाहीये. वीज बिल कमी येतं तेव्हा तो काय म्हणतो ते मला कळव, मग त्याच्याबद्दल बोलू. पुढच्या वेळी नणंद आली की रिमोट तिच्या उशाशी ठेव आणि रात्री दोनला जाग आलीच तर कूस बदल.